प्रस्तावना : आनंदीबाईंचा एक परिच्छेद

या पुस्तकात चरित्रपर लेखनाचे छोटे छोटे उतारे आहेत आणि प्रत्येक उताऱ्याखाली काम एकच दिले आहे: यातले तथ्य कोणते आणि मत कोणते, ते वेगळे करा. काम सोपे वाटते. शाळेत असताना आपण सगळ्यांनीच असा प्रश्न सोडवला आहे आणि त्याचे गुणही मिळवले आहेत. तरीही मोठेपणी एखाद्या थोर व्यक्तीवरचा परिच्छेद वाचताना आपण लेखकाच्या मतावर तथ्याइतकाच विश्वास ठेवून बसतो. शाळेत पाठ केलेली व्याख्या याला बरीचशी जबाबदार आहे, असे मला वाटते. तथ्य म्हणजे जे खरे असते ते आणि मत म्हणजे जे कुणाला वाटते ते, असे आपल्याला सांगितलेले असते. या व्याख्येने पहिल्याच उताऱ्यात घोटाळा होतो. चुकीची छापलेली जन्मतारीख खरी नसते, मग ती मत ठरते का? आणि ज्या मताशी सगळा महाराष्ट्र सहमत आहे, ते तेवढ्याने तथ्य होते का?

म्हणून या पुस्तकात कसोटी वेगळी धरली आहे. विधान खरे आहे की खोटे, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे ते हे की, याची शहानिशा करायची झाली तर कुठे जावे लागेल? दप्तर, पत्र, नोंदवही, वर्तमानपत्राचा जुना अंक, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची साक्ष यांपैकी काही पुढे आल्यावर ज्याचा निकाल लागू शकतो, ते तथ्याचे विधान. मग ते चुकीचे निघाले तरी हरकत नाही. सगळी कागदपत्रे टेबलावर मांडल्यावरही दोन शहाण्या माणसांत ज्यावर प्रामाणिक मतभेद राहू शकतो, ते मत. या दोहोंच्या मध्ये अनुमानाचा मोठा पट्टा आहे आणि चरित्रात खरी अडचण तिथेच येते. तिथे लेखक दोन तथ्ये घेतो आणि मधला दुवा आपल्या मनाने जोडतो.

हे नुसते सांगून कळत नाही, म्हणून एक उतारा सोबत घेऊन चालू. तो या प्रस्तावनेसाठी मीच जुळवला आहे, पण वाचकाला तो ओळखीचा वाटेल, कारण डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी स्मरणिकांत, जयंतीच्या भाषणांत आणि शाळेच्या निबंधांत साधारण अशाच वळणाचा मजकूर असतो.

"आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. वयाच्या अवघ्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव तापट, पण काळाच्या पुढे पाहणारे होते. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला आणि त्या दुःखातूनच आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरवले. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होऊन त्या भारतातील पहिल्या महिला डॉक्टर बनल्या. परदेशातील कडाक्याच्या थंडीने त्यांची प्रकृती ढासळली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि देश एका महान डॉक्टरला मुकला."

सातच वाक्ये आहेत. वाचणाऱ्याला ती एका सुरात वाहत गेल्यासारखी वाटतात, आणि तीच या प्रकारच्या लेखनातली मेख आहे. तारखेचा विश्वासार्हपणा पुढच्या विशेषणाला आपोआप चिकटतो.

पहिले वाक्य सरळ आहे. तारीख आणि गाव, दोन्हींची शहानिशा होऊ शकते. उद्या कुणी जन्म कल्याणचा नसून पुण्याचा असल्याचा पुरावा पुढे ठेवला, तर वाक्य चुकीचे ठरेल, मत ठरणार नाही. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशी जन्मलेल्या मुलीचे नाव यमुना होते. आनंदी हे नाव तिला लग्नानंतर मिळाले. वाक्य खोटे नाही, पण पुढे मिळालेली ओळख लेखकाने पाळण्यातल्या मुलीला आधीच देऊन टाकली आहे.

दुसऱ्या वाक्यातला विवाह आणि वय हे तथ्य आहे. 'अवघ्या' मात्र आजच्या वाचकाच्या तोंडचे आहे. त्या काळच्या ब्राह्मण घरांत मुलीचे लग्न त्या वयात होणे ही रूढी होती. संमतिवयाचा कायदा १८९१ साली आला आणि त्याने वय दहावरून बारावर नेले, तेवढ्यावरूनही केवढे रण माजले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या 'अवघ्या'त असलेली कळकळ मला मान्यच आहे, नवव्या वर्षीचे लग्न हा अन्याय होता असे मीही म्हणेन. पण ते म्हणणे माझे आणि लेखकाचे आहे, १८७४ च्या कल्याणचे नाही. 'कितीतरी मोठ्या' हेही तसेच. दोघांच्या वयांतला फरक सुमारे वीस वर्षांचा होता. तो आकडा दिला असता तर वाचकाने आपले मत स्वतः बनवले असते. आकड्याच्या जागी विशेषण आले की मोजण्याचे काम वाचकाच्या हातून काढून घेतले जाते.

तिसऱ्या वाक्यावर मात्र मला थांबायचे आहे, कारण इथे सगळे वाक्यच मत आहे आणि तरी ते निराधार नाही. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोला शिकवायचेच, या हट्टाने त्यांनी बदल्या सोसल्या आणि लोकांची बोलणीही सोसली. १८८० मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या रॉयल वाइल्डर या मिशनरी गृहस्थांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ते पत्र वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापले, न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या ते वाचनात आले आणि तिथून पुढचा सगळा मार्ग उघडला. ही तथ्ये आहेत. 'काळाच्या पुढे पाहणारे' हे त्यांवर उभे केलेले मत आहे आणि ते बऱ्यापैकी पेलते.

'तापट' या शब्दाचे तसे नाही. त्याच्याखाली काय झाकले गेले आहे, ते आनंदीबाईंनीच अमेरिकेहून पतीला लिहिलेल्या एका पत्रात उघड केले आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, बाराव्या वर्षी अंगावर पुस्तके आणि खुर्च्या फेकणे, चौदाव्या वर्षी विचित्र शिक्षांच्या धमक्या देणे, असे वयागणिक त्यांनी मांडले आहे. 'तापट' हे घरातल्या मोठ्या माणसाला आपण प्रेमानेही लावतो. लाकडाने मारलेल्या दहा वर्षांच्या मुलीसमोर तो शब्द टिकत नाही. मत चुकीचे असते ते नेहमी कडक असल्यामुळे नव्हे. कित्येकदा ते तथ्याच्या मानाने फार मऊ असते आणि म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही. उतारा वाचताना आपण 'महान', 'अलौकिक', 'दुष्ट' यांखाली रेघ मारतो आणि 'तापट', 'शिस्तप्रिय', 'कडक स्वभावाचे' हे शब्द तसेच सोडून देतो. माझ्या मते जास्त सावध राहायचे ते या दुसऱ्या जातीच्या शब्दांपाशी.

त्या पत्राचा आणखी एक विशेष आहे, आणि या पुस्तकाची कल्पना मला ज्यांवरून सुचली त्यांत त्याचा वाटा मोठा आहे. तुमचे वागणे चांगले की वाईट हे ठरवणे कठीण आहे, असे आनंदीबाई तिथे म्हणतात, आणि मग उत्तर देतात की दोन्ही. ज्या हेतूने केले त्याकडे पाहिले तर योग्य वाटते. लहान मुलीच्या मनावर होणाऱ्या परिणामाकडे पाहिले तर चूक होते, असे म्हणावेच लागते. म्हणजे काय घडले याची यादी त्यांनी वेगळी ठेवली आहे, निवाडा वेगळा दिला आहे, आणि निवाडा कोणत्या कसोटीवर दिला तेही सांगितले आहे. विशीतल्या बाईने, दूर परदेशात बसून, ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच माणसाला उद्देशून हे लिहिले आहे. चरित्रकाराकडून यापेक्षा जास्त काही मागता येणार नाही. मत देऊ नका, असे त्याला कुणी सांगत नाही. मत कशावर उभे आहे ते दिसू द्यावे, एवढेच मागणे आहे.

चौथ्या वाक्यात मूल दगावले हे तथ्य आहे आणि आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरवले हेही तथ्य आहे. दोहोंना जोडणारे 'त्या दुःखातूनच' हे अनुमान आहे. हे अनुमान असंभाव्य मुळीच नाही. वेळेवर उपचार मिळाले असते तर मूल वाचले असते, ही टोचणी आईच्या मनात राहणे अगदी स्वाभाविक आहे. पण आनंदीबाईंनी आपली कारणे जाहीरपणे सांगितली होती. १८८३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेला निघण्याआधी, बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केले. तिथे भर होता तो देशात हिंदू स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे यावर. महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पाठवलेल्या पत्रातही हाच धागा आहे: पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना उपचार मिळावेत. हे सार्वजनिक कारण सोडून लेखकाने खाजगी दुःख पुढे आणले, कारण गोष्ट म्हणून ते जास्त हेलावते. शिवाय शेवटच्या 'च'ने दुसरी सगळी कारणे बाहेर ठेवली. हा 'च' नसता तर वाक्य सावध झाले असते. चरित्रातल्या कारणांच्या वाक्यांना विचारायचा प्रश्न असा आहे: हे कारण त्या व्यक्तीने स्वतः कुठे सांगितले आहे का, की घटना एकामागून एक घडल्या म्हणून लेखकाने पहिलीला दुसरीचे कारण केले आहे?

पाचवे वाक्य वाचकाला सर्वांत पक्के वाटते आणि वाद त्यावरच होतो. १८८६ ची एम.डी. पदवी नोंदलेली आहे. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधली प्रसूतिविद्या हा होता. यात शंकेला जागा नाही. 'भारतातील पहिल्या महिला डॉक्टर' याचे काय? पहिली असणे हे मत नाही, त्याचा पुरावा मागता येतो. पण पुरावा मागण्याआधी वाक्य पुरे करून घ्यावे लागते. पहिली म्हणजे पदवी मिळवणारी, की रोगी तपासणारी? परदेशात शिकलेली, की भारतात? त्याच १८८६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीची पात्रता मिळवली आणि पुढे प्रत्यक्ष व्यवसाय केला. मुंबईच्या रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली, म्हणून काही ठिकाणी पहिलेपण त्यांच्या नावावर दिलेले दिसते. मराठी पुस्तकात आनंदीबाई पहिल्या आणि बंगाली पुस्तकात कादंबिनी पहिल्या, असे आढळले तर दोहोंतला एक लेखक खोटे बोलतो आहे असे समजायचे कारण नाही. दोघांनी कसोटी वेगळी घेतली आहे आणि ती सांगायचे राहिले आहे. 'पाश्चात्त्य वैद्यकात एम.डी. झालेल्या पहिल्या भारतीय स्त्री' असे म्हटले की वाक्य तपासण्याजोगे होते आणि कादंबिनींचा मानही राहतो.

सहाव्या वाक्यात वैद्यकीय कारण सांगितले आहे. आनंदीबाईंना क्षय झाला होता. क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिले होते. थंडी, उपास, दगदग यांनी शरीराची ताकद कमी होते आणि रोग बळावतो, हे म्हणता येते. पण थंडीने प्रकृती ढासळली, असे एका दमात म्हणणे हे अनुमानाला तथ्याचा पोशाख चढवणे झाले. त्यातून आणखी एक गोष्ट नजरेआड होते. अमेरिकेला जाण्याआधीच, कलकत्त्याकडच्या वास्तव्यात, त्यांना डोकेदुखी, ताप आणि धाप लागण्याचा त्रास होत होता. सगळा दोष परदेशाला दिला की ही आधीची दुखणी कथेतून गळतात, आणि त्यांसोबत त्यांनी आजारी शरीरानेच समुद्र ओलांडला ही मोठी गोष्टही गळते.

सातव्या वाक्याबद्दल मी स्पष्ट लिहितो, कारण अनेकांना ते खटकेल. 'महान डॉक्टर' हे मत आहे, एवढ्यावर इथे भागत नाही. या मताला आधार देईल असे तथ्यच उपलब्ध नाही. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केलेली होती. ती प्रत्यक्ष सांभाळण्याआधीच, वयाच्या बाविसाव्या वर्षात, त्या गेल्या. डॉक्टर म्हणून त्या कशा ठरल्या असत्या, हे सांगण्याइतके दिवस त्यांना मिळालेच नाहीत. त्यांचे धैर्य मोठे होते, जिद्द असामान्य होती, ही मते मी आनंदाने मांडेन, कारण त्यांच्या खाली ठोस घटना आहेत. 'महान डॉक्टर' म्हटल्याने मात्र त्यांच्या आयुष्यातली खरी हानी पुसली जाते. देशाला ती डॉक्टर मिळायचीच होती.

इथपर्यंत आपण वाक्यांच्या आत पाहिले. आता एक वेगळी अडचण, जी रेघा मारून सापडत नाही. पुढची दोन टिपणे पाहा. पहिले: गोपाळरावांनी पत्नीला लिहायला-वाचायला शिकवले, तिच्यासाठी अमेरिकेला पत्र लिहिले, तिला एकटीला परदेशी पाठवले. दुसरे: गोपाळरावांनी अभ्यासासाठी पत्नीला मारले, तिच्यावर पुस्तके फेकली, तिला धमकावले. दोन्ही टिपणांत एकही मत नाही, एक विशेषणही नाही. तरी दोन टिपणांतले दोन गोपाळराव वेगळे आहेत. निवडलेली तथ्ये आणि गाळलेली तथ्ये मिळून लेखकाचे मत सांगून जातात. उताऱ्यात तर हे जास्तच होते, कारण उतारा काढणारा हा दुसरा निवडणारा असतो. मूळ ग्रंथात पुढच्या पानावर असलेली दुसरी बाजू कात्रीने कापली गेलेली असते. म्हणून या पुस्तकातल्या निम्म्या उताऱ्यांनंतर एक जादा प्रश्न आहे: या व्यक्तीविषयी इथे काय सांगितलेले नाही? त्याचे उत्तर उताऱ्यात सापडणार नाही, बाहेर शोधावे लागेल.

बाहेर शोधताना कोणत्या पुस्तकाकडे जातो, यालाही महत्त्व आहे. आनंदीबाईंचे पहिले चरित्र अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. आजच्या मराठी वाचकाच्या मनात मात्र जी आनंदी आहे, ती बहुतांशी श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीतली आणि तिच्यावरून पुढे आलेल्या नाटक-चित्रपटांतली आहे. कादंबरीकाराला नवरा-बायकोचे रात्रीचे संभाषण कल्पनेने लिहायचा पूर्ण अधिकार आहे आणि तो त्याने उत्तम वापरला. अडचण होते ती ते संभाषण जयंतीच्या भाषणात 'आनंदीबाई म्हणाल्या' असे येते तेव्हा. कोणत्याही उताऱ्यात अवतरणचिन्हांत संवाद दिसला, तर ते शब्द कुणी ऐकले आणि कधी लिहून ठेवले, हे विचारावे. पत्र असेल तर उत्तर मिळते. बंद दाराआडचा संवाद असेल तर बहुधा मिळत नाही. मनातल्या विचारांचेही तसेच. 'तिला वाटले' हे वाक्य पत्राच्या आधाराने लिहिलेले असेल तर ते जवळजवळ तथ्यच आहे, एरवी ती लेखकाची कल्पना आहे.

पुस्तक वापरणाऱ्या शिक्षकांसाठी एक सूचना. मुलांना वाक्यागणिक 'तथ्य' किंवा 'मत' असा शिक्का मारायला लावू नये. वरच्या सात वाक्यांपैकी पहिले आणि तिसरे सोडले तर एकही वाक्य एका शिक्क्यात मावत नाही. वाक्याच्या आतल्या तुकड्यांना खुणा कराव्यात: सरळ रेघ तथ्याला, नागमोडी मताला, आणि जोडणाऱ्या शब्दाभोवती चौकट, जिथे अनुमान आहे. मग चौकटीतला आणि नागमोडी रेघेवरचा मजकूर वगळून उतारा वाचायला लावावा. जे उरते ते किती थोडे आहे, हे मुले स्वतःच बोलून दाखवतात. काही मुले अंक असलेले प्रत्येक वाक्य तथ्य म्हणून सोडतात आणि स्तुती दिसेल तिथेच मत शोधतात. अशा वेळी त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याकडे परत न्यावे.

सरतेशेवटी तोच उतारा असा लिहिता येईल:

"यमुना, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. नवव्या वर्षी त्यांचे लग्न सुमारे वीस वर्षांनी मोठ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळरावांनी त्यांना शिकवले, शिकवताना मारलेही. हे वागणे हेतूने योग्य पण लहान मुलीच्या दृष्टीने चूक होते, असे आनंदीबाईंनी पुढे त्यांना लिहिले. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. आपण वैद्यक का शिकतो, याचे कारण त्यांनी देशातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची असलेली गरज हे सांगितले. या निर्णयाला हे अपत्यमरणही कारण झाले असावे, असे मानायला जागा आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या एम.डी. झाल्या. पाश्चात्त्य वैद्यकातली ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. क्षयाने त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातले काम त्यांच्या हातून सुरू व्हायचे राहिले."

या नव्या उताऱ्यातही 'या निर्णयाला' या वाक्यात अनुमान आहे, आणि ते मी जाणूनबुजून ठेवले आहे. 'असावे' आणि 'मानायला जागा आहे' या शब्दांनी ते आपण कोण आहोत हे सांगते, पण आईचे दुःख आणि तिचा निर्णय यांचा दुवा तरीही लेखकानेच जोडलेला आहे. कुणाला तो अनाठायी वाटला तर त्यांनी तो खोडावा. पुढच्या उताऱ्यांत असे दुवे जागोजागी आहेत आणि त्यांतले काही 'असावे' न म्हणता येतात.